हिराइथ: घर उरलेलं नसतानाची घराची ओढ

1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एका आजाराला नाव दिलं. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांना जोडून त्याने 'नॉस्टॅल्जिया' घडवला. घरापासून दूर लढणाऱ्या भाडोत्री स्विस सैनिकांशी हा आजार पुढे कायमचा जोडला गेला, पण होफरने नोंदवलेल्या रुग्णांत साधी माणसंही होती. बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण खंगत चालला होता, वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. त्याला घरी न्यायचं ठरलं आणि निघाल्यावर थोड्याच अंतरात त्याला बरं वाटू लागलं, गावी पोचेपर्यंत तो ठणठणीत झाला. इस्पितळात पडून 'मला घरी जायचंय' एवढंच म्हणत राहिलेली एक खेडवळ मुलगीही अशीच घरी नेल्यावर सुधारली. होफरच्या लेखी या दुखण्यावर खात्रीचा इलाज एकच होता, आणि तो शक्य होता: माणसाला परत पाठवा.

पुढची दोनशे वर्षं नॉस्टॅल्जिया हे निदान म्हणूनच चाललं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लष्करी डॉक्टर सैनिकांच्या कागदांवर तो आजार म्हणून लिहीत. मग हळूहळू शब्द दवाखान्यातून बाहेर पडला आणि त्याचा रोख बदलला. आज आपण मराठीतही नॉस्टॅल्जिया म्हणतो तेव्हा गावाबद्दल बोलत नसतो, काळाबद्दल बोलत असतो. शाळेचे दिवस, जुनी गाणी, दूरदर्शनवरच्या मालिका. त्यात परत जाता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तर ते आठवण्यात मजा असते. दुखणं गेलं, गोडवा उरला.

वेल्श भाषेतल्या 'हिराइथ'चा प्रवास जवळपास उलट्या दिशेने झाला आहे. हल्ली 'भाषांतर न होणारे शब्द' अशा याद्यांमध्ये तो हमखास भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ 'जे घर कधी नव्हतंच त्याची ओढ' असा धूसर, काव्यमय सांगतात. वेल्श माणूस तो इतका जपून वापरत नाही. शिबिराला गेलेल्या मुलाला पहिल्या रात्री आईची आठवण येते, तेही हिराइथ. कुणी वारलं की सांत्वनाच्या पत्रात तोच शब्द. वेल्शमध्ये भीती किंवा सर्दी जशी माणसा'वर' असते, तसं हिराइथही माणसा'वर' असतं. माणूस ते करत नाही, ते त्याच्यावर येऊन बसतं. मराठीत भीती 'वाटते' आणि आठवण 'येते', त्यामुळे ही रचना आपल्याला फारशी परकी वाटू नये.

शब्दाची घडण साधी आहे. 'हिर' म्हणजे लांब, आणि पुढचा भाग नाम घडवणारा प्रत्यय. जुन्या आयरिशमध्ये याच घडणीचा, ओढ असाच अर्थ असलेला शब्द आहे, आणि कॉर्निश व ब्रेटन या भगिनीभाषांतही त्याची रूपं आहेत. म्हणजे शब्द फार जुना. मध्ययुगीन वेल्श कवींच्या शोककाव्यांत तो मुख्यतः मेलेल्यांसाठी येतो. आश्रयदाता सरदार गेला की कवीवर हिराइथ येई. गेलेला माणूस परत येणार नाही हे त्यात गृहीतच होतं, त्यामुळे इलाजाचा प्रश्नच नव्हता. नॉस्टॅल्जिया आणि हिराइथ यांच्यातला फरक माझ्या मते इथेच, मुळाशी आहे. एक शब्द परतीच्या आशेतून जन्मला, दुसरा परत न येण्याच्या जाणिवेतून.

माणसासाठीचा हा शोक जागेवर कसा उतरतो, ते पाहायला नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास रचलेली हेलेदची कवनं आहेत. पोविस या जुन्या वेल्श राज्याचा राजपुत्र किन्धिलन लढाईत मारला गेला, आणि मागे राहिलेली त्याची बहीण हेलेद त्याच्या दालनासमोर उभी राहून बोलते. दालन आज रात्री अंधारलेलं आहे, आग नाही, दिवा नाही, शय्या नाही. कडव्यामागून कडवं त्याच ओळीने उघडतं, आणि दरवेळी आणखी एक गोष्ट नाहीशी झालेली कळते. भाऊ गेला म्हणून दालन अंधारलंय, आणि दालन अंधारलंय म्हणून भाऊ गेल्याचं पटतं. माणूस आणि जागा इथे वेगळी काढता येत नाहीत.

नंतरच्या काळातलं एक निनावी लोकपद याहून थेट आहे. त्यात पंडितांना विचारलंय की हिराइथ कशापासून बनवलं, त्यात कापड कुठलं घातलं, की वापरून वापरून ते झिजत नाही? सोनं संपतं, चांदी संपते, मखमल आणि रेशीम विरतं, पण हिराइथ विरत नाही.

विसाव्या शतकात या शब्दाला जे वजन आलं त्यामागे एक नेमकी दरी आहे. उत्तर वेल्समध्ये बाला गावाच्या वायव्येला त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं खेडं होतं. शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनाघर, दफनभूमी, आसपास शेतघरं. सगळा व्यवहार वेल्शमधून. 1955 च्या अखेरीस लोकांना कळलं की इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी ही दरी बुडवायची आहे. लिव्हरपूल महापालिकेने स्थानिक वेल्श नियोजन यंत्रणेकडे परवानगी मागितलीच नाही. थेट ब्रिटिश संसदेत खाजगी विधेयक आणलं. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन गेले. वेल्समधल्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध असूनही 1957 मध्ये कायदा झाला. वेल्समधल्या लोकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष पाण्याबद्दलचा नव्हता, मताच्या किमतीबद्दलचा होता.

सुमारे 320 हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. खोऱ्यातल्या 67 माणसांपैकी 48 जणांची घरं गेली. शहरी हिशेबात हा आकडा क्षुल्लक आहे, आणि तेव्हा तसं बोललंही गेलं. पण मोजायचं काय, यावरच तर वाद होता. प्रार्थनाघरातली शेवटची प्रार्थना 1963 च्या सप्टेंबरमध्ये झाली. दफनभूमीचं काय करायचं हा वेगळाच पेच होता. काही कुटुंबांनी आपल्या माणसांचे अवशेष उकरून दुसरीकडे नेले, बाकीचे तिथेच राहिले आणि त्यांच्यावर काँक्रीटचा थर घातला गेला. 21 ऑक्टोबर 1965 रोजी जलाशयाचं उद्घाटन झालं तेव्हा निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या, दगडफेक झाली, आणि समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला.

एक तांत्रिक बाब इथे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे हे प्रकरण अधिक बोचरं होतं. या जलाशयातून लिव्हरपूलला थेट नळ जात नाही. पाणी त्रवेरिन नदीत सोडतात, ते डी नदीला मिळतं आणि शहरासाठी ते खूप खाली, चेस्टरजवळ उचललं जातं. दरीचं काम पाणी साठवणं आणि उन्हाळ्यात नदीची धार टिकवणं एवढंच. म्हणजे दरी बुडाली ती डी नदीचा प्रवाह बारमाही सारखा राहावा म्हणून.

आता होफरचा इलाज इथे लावून पाहा. कापेल केलिनची काही माणसं त्याच भागात, बालाच्या परिसरातच राहिली. ती परदेशात गेली नव्हती, भाषा बदलली नव्हती, डोंगर तेच होते. होफरला त्यांच्यात रुग्ण सापडला नसता. घर मात्र कुठेच नव्हतं. दुष्काळात पाणी फार उतरलं की जुन्या भिंतींचे पाये आणि पूल उघडे पडतात, आणि बघ्यांची गर्दी जमते. गावाच्या माणसासाठी ते परतणं नसतं, फार तर ओळख पटवणं असतं. नॉस्टॅल्जियाला वेळ आड येते. इथे पाणी आड आलं, तेही ठरवून, कायदा करून.

याच खोऱ्याला दोन जुने धागे आहेत, ते हिराइथची आणखी एक बाजू दाखवतात. बुडालेल्या शेतघरांपैकी एक, हावोद वादोग, हे सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचं जमायचं ठिकाण होतं. छळाला कंटाळून या भागातले क्वेकर पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले. दुसरा धागा बाला गावचा. तिथल्या धर्मशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य मायकल डी. जोन्स यांनी, जिथे इंग्रजीचा दाब पोचणार नाही अशी वेल्श वसाहत उभारायचा घाट घातला. मे 1865 मध्ये 'मिमोसा' जहाज दीडशेच्या आसपास माणसांना घेऊन अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाला निघालं. निघालं ते लिव्हरपूलच्याच बंदरातून, त्या उद्घाटनाच्या सुमारे शंभर वर्षं आधी. योगायोगच, पण टाळावासा वाटत नाही असा.

चुबुत नदीच्या खोऱ्यात त्यांनी शाळा, प्रार्थनाघरं, कालवे उभारले. आज तिथल्या वंशजांपैकी काहीजण स्पॅनिशबरोबर वेल्श बोलतात. ज्या वेल्ससाठी त्यांचे पूर्वज झुरले, तो त्यांनी स्वतः पाहिलेला नाही, आणि 1865 चा तो वेल्स आता वेल्समध्येही नाही. 1911 च्या जनगणनेत वेल्समधले सुमारे 43 टक्के लोक वेल्श बोलत होते, 2021 मध्ये हे प्रमाण 17.8 टक्के झालं. नॉस्टॅल्जियाला स्वतःची आठवण लागते. जे जगलोच नाही त्याचा तो होत नाही, निदान खरा होत नाही. हिराइथ वारशाने मिळू शकतं. 'कधी नसलेल्या घराची ओढ' असा जो अर्थ इंटरनेटवर फिरतो, त्यात काही तथ्य असेल तर ते एवढंच. घर होतं, फक्त ते आजीचं होतं, किंवा तिच्याही आजीचं.

या शब्दाचा मऊपणा मात्र काही वेल्श माणसांना खटकतो, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. गाव बुडवलं गेलं तर झुरत बसण्यात शहाणपण काय? साठच्या दशकात माइक स्टीवन्स या लेखकाने ल्हानऱ्हिस्तिदजवळ रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर 'त्रवेरिन लक्षात ठेवा' अशा अर्थाचे दोन शब्द रंगवले. त्यात हिराइथ नाही, आज्ञा आहे. 2019 मध्ये त्या भिंतीवरची अक्षरं कुणीतरी रंग फासून झाकली, नंतर भिंतीचा भागही पाडला. लोकांनी ती परत उभारली, आणि मग वेल्सभर भिंतींवर, शेडांवर, दगडांवर तेच दोन शब्द दिसू लागले. रंगवणाऱ्यांत 1965 नंतर जन्मलेले बरेच होते. त्याआधी, 2005 मध्ये, लिव्हरपूलच्या महापालिकेने कापेल केलिनच्या लोकांची माफी मागितली होती. जलाशय अजूनही डी नदीला पाणी पुरवतो.