बिलबुक ते ईआरपी: इन्व्हॉइसच्या क्रमांकात खंड पडला की ऑडिटर का थांबतो

ईआरपी, म्हणजे विक्री, स्टॉक आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, येण्याआधी बिलाच्या क्रमांकाची जबाबदारी छापखान्याकडे असायची. दुकानदार बिलबुकं छापून घ्यायचा आणि प्रत्येक पानावर आकडा आधीच उमटलेला असायचा. बिल चुकलं तर त्यावर दोन तिरक्या रेघा मारून ‘रद्द’ लिहायचं आणि गिऱ्हाइकाची मूळ प्रतही कार्बन प्रतीला जोडून ठेवायची, ही शिस्त जुन्या मुनिमांनी कसोशीने पाळली. पान फाडलं तरी खालचं अर्धुक बुकातच राहायचं. एक आकडा गायब झाला तर तो कुठे गेला हे शोधायला हातात काहीतरी असायचं. कारखान्यांवर तर याहून कडक नजर होती. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या 2002 च्या नियमांनुसार नवं इन्व्हॉइस बुक वापरायला घेण्याआधी त्यातले क्रमांक अधीक्षकांना कळवावे लागत.

क्रमांक सलग हवा, हा आग्रह यातूनच आला. झालेली विक्री दडवायची सर्वांत सोपी वाट म्हणजे बिल करायचं, पैसे घ्यायचे आणि नंतर बिलच नाहीसं करायचं. हिशेबाच्या वहीत जे लिहिलेलंच नाही ते ऑडिटरला दिसणार कसं? सलग क्रमांकामुळे ते दिसतं. 414 नंतर थेट 416 आलं की मधल्या बिलाबद्दल विचारता येतं.

जीएसटीने हा आग्रह कायद्यात लिहून ठेवला. केंद्रीय जीएसटी नियमांतला नियम 46 सांगतो की इन्व्हॉइसचा अनुक्रमांक सलग असावा, 16 अक्षरांपेक्षा लांब नसावा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालेल, आणि तो त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा. सिरीज एक असो वा अनेक, दोन्ही चालतात. वर्षागणिक क्रमांक 1 पासून सुरू करायची मुभा आणि शाखेचा उपसर्ग लावायची पद्धत, दोन्ही याच नियमात बसतात.

समजा मडगावात मुख्य दुकान आहे आणि म्हापसा, फोंडा, वास्को इथे शाखा आहेत. राज्य एकच, त्यामुळे सर्वसाधारणपणे चारही दुकानं 30 ने सुरू होणाऱ्या एकाच जीएसटी क्रमांकाखाली येतात. मडगावनेही 00001 काढला आणि म्हापशानेही 00001 काढला, तर एका करदात्याची एकाच वर्षात एकाच क्रमांकाची दोन बिलं झाली. ई-इन्व्हॉइस लागू असेल, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागत असेल, तर दुसरं बिल पोर्टल स्वीकारतच नाही, कारण पोर्टलवरचा बिलाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयआरएन, तयार होतो तो करदात्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांवरूनच. म्हणून शाखेचा उपसर्ग लावायचा. पण तो लावताना अक्षरं मोजावी लागतात. `GA/MAO/25-26/00001` दिसायला देखणा आहे, पण भरतो 18 अक्षरं. राज्याचं `GA/` काढलं की `MAO/25-26/00001` ची 15 अक्षरं होतात आणि काम भागतं.

वर्ष बदलताना आणखी एक खाच आहे. 31 मार्चच्या तारखेचं बिल 3 एप्रिलला नोंदवलं, तर ते जुन्या वर्षाच्या सिरीजमध्ये जायला हवं. त्यामुळे सिरीजची निवड संगणकाच्या आजच्या तारखेवर नको, बिलाच्या तारखेवर हवी. काही सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकात कॅलेंडर वर्ष टाकायची सोय असते. आपल्याकडे ती वापरली तर आकडे जानेवारीत 1 वर येतात, एप्रिलमध्ये नाही. कायद्याने ते चालून जाईलही, पण वर्षअखेरीला मेळ घालणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो.

खरी गुंतागुंत वेगळ्याच ठिकाणी झाली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बिलबुकात क्रमांक कागदावर आधीच असायचा. ईआरपीत तो डेटाबेसकडून मागून घ्यावा लागतो. एका वेळी दहा काउंटरवर बिलं बनत असताना एकाने दुसऱ्यासाठी ताटकळू नये, म्हणून डेटाबेस बनवणाऱ्यांनी ठरवलं की एकदा दिलेला आकडा परत घ्यायचा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पुढचा आकडा `nextval` ने मागतात आणि अर्धवट व्यवहार `ROLLBACK` ने मागे घेतात. तिथे ते असं दिसतं:

```sql
BEGIN;
SELECT nextval('map_inv');  -- 2415
ROLLBACK;
SELECT nextval('map_inv');  -- 2416
```

व्यवहार मागे फिरला, पण 2415 परत आला नाही. सॅप या ईआरपीत बफरिंग चालू असेल तर सर्व्हर आकड्यांचा एक गठ्ठा उचलून मेमरीत ठेवतो, आणि मध्येच सर्व्हर बंद पडला की उरलेले आकडे वाया जातात. यात लबाडी कुणाचीच नाही. पण बिलबुकातलं अर्धुक इथे नाही, आणि यंत्राने पाडलेला खंड व माणसाने पाडलेला खंड यादीत अगदी सारखेच दिसतात.

चवथीच्या आधीच्या आठवड्यातलं म्हापशाचं रंगाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. घरं रंगवायची म्हणून गर्दी उसळलेली. एका दिवसात `MAP/25-26/02401` ते `02440` असे क्रमांक गेले, म्हणजे 40, पण यादीत बिलं 38 च. 02415 आणि 02428 नाहीत. 02415 चं कारण साधं आहे. बिल उघडताक्षणी सॉफ्टवेअरने क्रमांक घेतला, गिऱ्हाइकाचा शेडबद्दल विचार बदलला आणि बिल जतन न होताच स्क्रीन बंद झाली. 02428 वर मात्र 20 लिटरच्या दोन बादल्या गेल्या, पैसे यूपीआयने आले आणि संध्याकाळी कुणीतरी ते बिल डिलीट केलं.

चांगला ऑडिटर इथे क्रमांकांवरून नजर काढतो आणि माल व पैशांकडे वळतो. बिल डिलीट झाल्यावर ईआरपीने स्टॉक परत जमा केला, म्हणून पुस्तकात गोदामापेक्षा 2 बादल्या जास्त दिसतात. बँकेत यूपीआयची जमा आहे, पण तिच्यासमोर बिल नाही. 02415 च्या बाबतीत यातलं काहीच सापडत नाही. कंपनी असेल तर एडिट लॉग, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंदही पाहता येते, कारण 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बंद न करता येणारा असणं बंधनकारक आहे.

यावरचा उपाय आता बहुतेक ईआरपीत असतो, फक्त तो निवडावा लागतो. ड्राफ्टला तात्पुरता क्रमांक आणि पक्का क्रमांक बिल पोस्ट होतानाच, ही पहिली गोष्ट. ओडू या ईआरपीत क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्समध्ये ‘स्टँडर्ड’ आणि ‘नो गॅप’ असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्यात एकाचं बिल पुरं होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. चवथीच्या गर्दीत त्या थांबण्याची किंमत मोजावी लागते, पण विक्रीच्या बिलांसाठी ती मोजावी असं माझं ठाम मत आहे. खरेदीच्या ऑर्डरला किंवा कोटेशनला खंड पडला तरी बिघडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डिलीटचा अधिकार काउंटरवर द्यायचाच नाही. चुकलेलं बिल रद्द करायचं आणि यादीत ठेवायचं. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर 24 तासांच्या आत रद्द करता येतं आणि तो क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत टळली की क्रेडिट नोट काढावी लागते.

विक्रीच्या जीएसटी विवरणाच्या, म्हणजे जीएसटीआर-1 च्या तक्ता 13 मध्ये हे सगळं एका ओळीत उतरतं: क्रमांक कुठून, कुठपर्यंत, एकूण किती, रद्द किती, निव्वळ किती. मे 2025 च्या विवरणापासून हा तक्ता भरणं सक्तीचं झालं आहे. म्हापशाच्या त्या दिवसापुरतं पाहिलं तर एकूण 40, रद्द 2, निव्वळ 38 असं लिहिण्याचा मोह होईल. पण 02428 रद्द केलेलं नाही, पुसलेलं आहे. त्यावरचा माल गेला आणि पैसेही आले. त्यामुळे ती विक्री आधी पुस्तकात आणून तिच्यावरचा कर भरायला हवा. 02415 साठी मात्र त्याच दिवशी केलेली कारणाची नोंद पुरेशी आहे.