परजीवी व कीटकांच्या आकृत्या : प्रात्यक्षिक वहीतील
प्राणिशास्त्र, वैद्यक, पशुवैद्यक आणि कृषी कीटकशास्त्र यांच्या प्रात्यक्षिक वहीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘जर्नल’मध्ये, कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली नामनिर्देशित आकृती. समोरच्या रेघी पानावर निरीक्षणे लिहितात. ‘सुबक’ हा शब्द परीक्षेत सतत येतो आणि त्याचा अर्थ सुंदर असा घेतला जातो. या विषयात सुबक म्हणजे मापात बरोबर. कृमींची अंडी आणि डासांची शीर्षे ओळखताना बऱ्याचदा प्रमाण हीच मुख्य खूण असते. ते बिघडले तर आकृती दुसऱ्याच जीवाची किंवा दुसऱ्याच अवस्थेची होते.

प्रमाण : जंताचे (अ‍ॅस्कॅरिस) फलित अंडे हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याची लांबी साधारण ४५ ते ७५ आणि रुंदी ३५ ते ५० मायक्रोमीटर असते. ते मोजण्यासाठी नेत्रिकेत मोजपट्टी असलेला सूक्ष्मदर्शक घेतात आणि त्या पट्टीची किंमत आधी ठरवून घेतात. मंचावर ठेवलेल्या प्रमाणित पट्टीचा एक भाग १० मायक्रोमीटरचा असतो. ४०× वस्तुभिंगाखाली नेत्रिकेचे ४० भाग त्या पट्टीच्या १० भागांशी जुळले, तर नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रोमीटरचा झाला. आता अंडे २४ भाग लांब आणि १८ भाग रुंद भरले, तर त्याचे माप ६० × ४५ मायक्रोमीटर. वहीत एक मायक्रोमीटरला एक मिलिमीटर धरला की ६० मिमी लांब आणि ४५ मिमी रुंद आयत मिळतो. तो फिकट रेषेने आखून त्यात अंडाकृती बसवावी आणि मग आयत खोडावा.

या आकृतीचे विवर्धन १,००० पट आहे, कारण कागदावरचे ६० मिमी हे खऱ्या ६० मायक्रोमीटरच्या हजारपट आहेत. वह्यांमध्ये मात्र सर्रास ‘४००×’ लिहिलेले आढळते. ते नेत्रिका आणि वस्तुभिंग यांच्या गुणाकारातून आलेले सूक्ष्मदर्शकाचे विवर्धन आहे. आकृती पोस्टाच्या तिकिटाएवढी काढली काय आणि पानभर काढली काय, तो आकडा बदलत नाही. म्हणून आकृतीबद्दल तो काहीच सांगत नाही. दोन्ही आकडे द्यायचे असतील तर कोणता कशाचा हे लिहावे.

लांबी-रुंदीचे गुणोत्तर इथे ४ : ३ आहे. त्याच जंताचे अफलित अंडे सुमारे ९० × ४५ मायक्रोमीटरपर्यंत लांबट असते, म्हणजे जवळजवळ २ : १. त्याचे कवच पातळ असते आणि आतला भाग चकाकणाऱ्या कणांनी भरलेला असतो. फलित अंड्यात दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारखी मोकळी जागा दिसते. ती अफलित अंड्यात नसते. विद्यार्थ्याने फलित अंडे नुसते ‘शोभेसाठी’ लांबवले, तर आकृती आणि शीर्षक एकमेकांशी भांडू लागतात. दुसरी नेहमीची चूक कवचाची. ते एका रेषेने दाखवतात. खरे तर आतले जाड कवच दोन समांतर रेषांनी दाखवायचे आणि त्याबाहेर प्रथिनाचा उंचवट्यांचा थर. हे उंचवटे गोलसर असतात. करवतीच्या दात्यांसारखे टोकदार काढू नयेत. काही अंड्यांचा हा बाहेरचा थर गळून पडलेला असतो. अशा अंड्याला थर मनाने जोडू नये. जे दिसले तेच काढावे आणि ‘बाह्यथररहित’ अशी नोंद करावी.

डासाचे शीर्ष काढताना सूक्ष्ममाप लागत नाही, कारण मापाचा एकक डासाच्या अंगावरच असतो. सोंडेची लांबी एक धरावी. अ‍ॅनॉफेलिसच्या मादीचे पाल्प जवळपास सोंडेएवढे लांब असतात. क्यूलेक्सच्या मादीचे पाल्प तिच्या सोंडेच्या अगदी लहानशा अंशाएवढेच असतात. कागदावर सोंड ५० मिमी काढली, तर अ‍ॅनॉफेलिस मादीचे पाल्पही ५० मिमीच्या आसपास यायला हवेत. ते ३० मिमी झाले तर आकृती दोहोंपैकी कोणाचीच राहत नाही. पाल्पांआधी शृंगिका पाहाव्यात. दाट झुबकेदार शृंगिका नराच्या, विरळ केसांच्या मादीच्या. क्यूलेक्सच्या नराचे पाल्पही लांब असतात, त्यामुळे लिंग न ठरवता पाल्पांवरून जात ठरवली की घोटाळा होतो.

छायांकन : ठिपक्यांनीच छाया द्यावी, पेन्सिल घासू नये, या नियमाचा उगम कुठला याबद्दल एकमत नाही. एक मत तो ताम्रपट कोरीवकामापर्यंत मागे नेते. इटलीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जूलिओ कांपान्योला याने ठिपक्यांनी छटा कोरल्या होत्या. मात्र रॉबर्ट हुकच्या १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’तील पिसू आणि ऊ यांची प्रसिद्ध चित्रे पाहिली, तर तेथे छटेचे बरेच काम रेषांनी केलेले दिसते. कीटकचित्रणात ठिपके पहिल्यापासून रूढ होते असे त्यावरून म्हणता येत नाही. दुसरे मत छपाईच्या सोयीकडे बोट दाखवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेषाठसे आले. त्यांत काळे किंवा पांढरे एवढेच उमटे, मधली करडी छटा उमटत नसे. त्यामुळे करडेपणा ठिपक्यांच्या दाटीनेच दाखवावा लागे. वर्गातला नियम छापील पुस्तकांच्या अनुकरणातून आला असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटते. प्रकाश वरून डावीकडून येतो असे मानण्याचा संकेतही असाच वादाचा आहे. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून खिडकी डावीकडे ठेवत, हे त्याचे परंपरागत कारण. माणसाची नजरच प्रकाश डाव्या अंगाने येतो असे धरून चालते, असेही प्रयोगांच्या आधारे मांडले गेले आहे.

नियमाच्या उगमापेक्षा त्याची मर्यादा विद्यार्थ्याला अधिक उपयोगी आहे. पूर्ण कीटक किंवा गोचीड बाहेरून पाहिली जाते, तिच्या अंगावर प्रकाश पडतो, म्हणून गोलाई दाखवणारी छाया तिथे योग्य ठरते. कृमीच्या अंड्यातून प्रकाश आरपार येतो आणि आपल्याला त्याचा एका पातळीवरचा छेद दिसतो. तेथे उजव्या कडेला दिलेली सावली खोटी असते. ठिपके द्यायचेच तर जिथे द्रव्य दाट आहे तिथे द्यावेत. हिवतापाच्या रक्तलेपात तर अधिकच जपावे लागते. प्लास्मोडियम व्हायवॅक्सने ग्रासलेल्या तांबड्या पेशीत शुफनरचे ठिपके दिसतात आणि ती पेशी फुगलेली असते. फॅल्सिपॅरमच्या कडीभोवतीच्या पेशीत कोणी केवळ छायेसाठी ठिपके भरले, तर पाहणारा ते निदान म्हणून वाचेल. अशा पेशी कोऱ्या ठेवाव्यात, आणि शेजारी एक निरोगी पेशी मापासाठी काढावी.

वैद्यक महाविद्यालयांत पित्ताने रंगलेली अंडी तपकिरी पेन्सिलीने काढण्याची पद्धत आहे. जंत व प्रतोदकृमी यांची अंडी रंगलेली असतात. अंकुशकृमी आणि सूत्रकृमी यांची रंगहीन असल्याने कोरीच ठेवतात.

शीर्षके व नावे : शीर्षक आकृतीखाली असावे. त्यात जीवाचे नाव, अवस्था, लिंग, नमुना पूर्ण आहे की छेद, आणि विवर्धन यावे. ‘डास’ हे शीर्षक अपुरे आहे. ‘अ‍ॅनॉफेलिस, मादी, शीर्ष, पूर्ण नमुना’ हे पुरेसे आहे. छापील अक्षरात शास्त्रीय नाव तिरपे असते. हस्ताक्षरात त्याऐवजी प्रजाती आणि जाती या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या रेघा ओढतात. सलग एक रेघ ओढत नाहीत. निर्देशरेषा पट्टीने, शक्यतो आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या आणि बाणाविना असाव्यात. रेषेचे टोक त्या भागाला टेकलेच पाहिजे. जंताच्या अंड्यात कवच आणि बाहेरचा थर यांच्यात अंतर जेमतेम असल्याने रेषा मध्येच थांबली की ती नेमकी कोणाची हे कळत नाही.