व्यावसायिक भाडेकरारातील बँक हमी

कार्यालय किंवा दुकान भाड्याने देताना रोख अनामत रकमेऐवजी भाडेकरूच्या बँकेकडून घेतलेली लेखी हमी. बोलण्यात तिला ‘बीजी’ म्हणतात. हिच्यात मालक लाभार्थी, भाडेकरू मूळ देणेकरी आणि बँक जामीनदार असते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 126 मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे.

समजा, पुण्यातल्या एका कार्यालयाचे भाडे महिना 4 लाख आणि अनामत सहा महिन्यांची, म्हणजे 24 लाख आहे. रोख दिली तर हे पैसे मालकाकडे बिनव्याजी अडकतात. हमी घेतली, तर बँक भाडेकरूकडून ठरावीक टक्के मुदत ठेव तारण ठेवून घेते आणि वर कमिशन आकारते. बाकीचे पैसे धंद्यात फिरतात. मालकाच्या हाती मात्र पैशांऐवजी कागद असतो, म्हणून त्यातला शब्दन् शब्द त्याने वाचलाच पाहिजे. ‘बिनशर्त’, ‘अपरिवर्तनीय’ आणि ‘मागणी होताच, हरकत न घेता’ या अर्थाची कलमे त्यात हवीत. ‘भाडेकरूने कसूर केल्याचे सिद्ध झाल्यास’ असे लिहिलेले असेल, तर पैसे मिळण्याआधी तो वाद उभा राहतो.

भाडेकरू तीन महिन्यांचे भाडे थकवून निघून गेला, तर मालक हमी वटवतो. याला ‘इन्व्होक करणे’ म्हणतात. मागणीपत्र हमीत नमूद केलेल्या शाखेत, हमीत सांगितलेल्या अधिकृत व्यक्तीच्या सहीने, मुदतीच्या आत पोहोचवून पोच घ्यावी लागते. पत्रात हमीचा क्रमांक व तारीख, 12 लाखांची मागणी, कसूर झाल्याचे हमीत मागितलेल्या शब्दांतले निवेदन आणि पैसे जमा करायचे खाते असावे. अंशतः मागणीची सोय हमीत असेल, तर उरलेल्या 12 लाखांची हमी मुदतीपर्यंत चालू राहते. ‘मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या’ असेही पत्र पाठवता येते, पण तेही मुदतीआधीच.

चूक बहुधा याच पत्रात होते. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य (1999) या खटल्यात हमी मुख्य अभियंत्याने वटवायची होती. मागणी कार्यकारी अभियंत्याने केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अग्राह्य ठरवली. कंपनीच्या भाडेकरारातही हाच धोका असतो. हमी कंपनीच्या नावाने आणि पत्र मात्र मालमत्ता सांभाळणाऱ्या एजंटाच्या सहीचे असले, तर बँक ते परत पाठवू शकते.

पत्र बिनचूक असेल, तर भाडेकरूच्या तक्रारीवरून बँकेला पैसे अडवता येत नाहीत. न्यायालयेही मनाई सहसा देत नाहीत. हमीच्या मुळाशी असलेली ठळक फसवणूक किंवा कधीही भरून न येणारे नुकसान, एवढेच अपवाद ती मानतात. मालकाने जादा उचलले असेल, तर भाडेकरूला ते नंतर वेगळ्या दाव्यात मागावे लागते. बँक मात्र दिलेली रक्कम भाडेकरूकडून लगेच वसूल करते आणि सर्वप्रथम तारण ठेवलेली मुदत ठेव मोडते.