कैद्यांच्या आधी दुकानदार होते

‘कैद्यांचा पेच’ म्हटलं की पोलीस कोठडीतले दोन चोर आठवतात: गप्प राहायचं की साथीदाराविरुद्ध बोलायचं, हे प्रत्येकाने वेगवेगळं ठरवायचं. प्रत्यक्षात चोर नंतर आले. जानेवारी 1950मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ प्रथम खेळवला, तेव्हा तो नुसता आकड्यांचा तक्ता होता. कैद्यांची गोष्ट त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या अल्बर्ट टकर यांनी रचली, मानसशास्त्रज्ञांपुढे व्याख्यान देताना. गोष्ट झकास जमली, आणि मूळ प्रयोग मागे पडला.

तो तक्ता समजायला दादरमधली, एकमेकांना खेटून असलेली फरसाणाची दोन दुकानं पुरेत. चिवडा किलोला 400 रुपये, घरात पडतो 300ला. दोघांचा मिळून दिवसाला 100 किलो खप धरू. भाव सारखा असला तर प्रत्येकी 50 किलो आणि 5000 रुपये सुटतात. डावीकडच्याने एकट्याने 360ची पाटी लावली की 90 किलो त्याच्याकडे वळतो. नफा किलोमागे 60च, पण एकूण 5400. उजवीकडच्याला उरतात 1000. दोघांनीही भाव पाडला तर गिऱ्हाईक पुन्हा निम्मं निम्मं, हाती 3000.

आता डावीकडच्याच्या गल्ल्यावर बसून बघा. शेजारी 400वर राहिला तर पाडल्याने 5000चे 5400 होतात. त्याने पाडला तर आपणही पाडल्याने 1000चे 3000. म्हणजे तो काहीही करो, पाडणंच बरं. शेजारीही हाच हिशेब करतो आणि दोघं 3000वर येतात. सकाळी एका कटिंगवर ‘भाव धरून ठेवू’ असं ठरलं, तरी पाटी बदलण्याचा मोह तेवढाच राहतो. (शिवाय असं संगनमत कायद्यात बसत नाही, ते वेगळंच.)

गणितज्ञ जॉन नॅश यांच्या समतोलाप्रमाणे, म्हणजे एकट्याने खेळी बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीप्रमाणे, उत्तर हेच. पण फ्लड-ड्रेशर यांनी अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणितज्ञ जॉन विल्यम्स यांना एकच डाव सलग 100 वेळा खेळायला लावला, तर 60 वेळा दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं. दोघांनीही दगा दिला तो फक्त 14 वेळा. नॅश यांचा आक्षेप रास्त होता: हे 100 सुटे डाव नव्हेत, हा एकच लांबलचक खेळ आहे. आज पाडलं तर उद्या शेजारी उट्टं काढणार, हे प्रत्येक खेळीत धरलेलं असतं.

मला वाटतं, दुकानं कोठडीपेक्षा इथे जास्त चपखल बसतात. कैदी एकदाच जबाब देतात; शटर रोज उघडतं. मात्र शेवटचा दिवस माहीत असेल तर गाडं अडतं. त्या दिवसाला उद्या नसतो, म्हणून तेव्हा पाडायचा. मग आदल्या दिवशी तरी कशाला धरायचा? तर्क असा मागे मागे पहिल्या दिवसापर्यंत जातो. माणसं सहसा इतकं मागे जात नाहीत. महिनाभर 400 टिकतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, माल उरलेला दिसला की, एका पाटीवरचे 400 पुसून खडूने 360 लिहिले जातात.