‘डॉक्टर आले’ म्हटलं की कोडं खोटं पडतं: आडव्या विचाराच्या कोड्यांची पार्श्वभूमी

आजीच्या काळची कोडी वेगळी होती. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’, उत्तर चांदण्या आणि चंद्र. तिथे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं की लाह्या म्हणजे लाह्या नाहीत, काहीतरी नटवलंय. ही जी दुसरी जात आहे ना, तिच्यात एकही शब्द नटवलेला नसतो, सगळं सरळच सांगितलेलं असतं आणि न सांगितलेली एक गोष्ट आपणच आपल्या खिशातनं काढून त्यात टाकतो. ती काढून ठेवली की उत्तर समोर.

या जातीला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव मिळालं 1967 मध्ये, माल्टात जन्मलेल्या एका डॉक्टरने दिलं. कोडी त्याच्या आधीपासूनची आहेत, पण नाव लागल्यावर ती ऑफिसांच्या ट्रेनिंगपर्यंत पोचली. मराठीत शब्दशः ‘आडवा विचार’ होतो, पण आपल्याकडे आडवा म्हणजे आडमुठा, त्यामुळे ते नाव काही चाललं नाही, आम्ही इंदूरवाले तर सरळ ‘दिमाग वाली पहेली’ म्हणून मोकळे होतो.

सगळ्यात गाजलेलं कोडं सर्जनचं. 1970 च्या दशकात अमेरिकेत ते टीव्ही मालिकेतसुद्धा आलं होतं. बाप आणि मुलगा गाडीतनं चाललेत, अपघात होतो, बाप जागीच जातो, मुलाला ऑपरेशनला नेतात आणि सर्जन म्हणतो की हा माझा मुलगा आहे, मी ऑपरेशन करू शकत नाही. कसं काय? उत्तर माहितीच आहे, आई. पण मी वर ‘म्हणतो’ लिहिलं तिथेच कोड्याचा निकाल लागला की नाही!

इंग्रजीत क्रियापद बाई-पुरुष सांगत नाही, म्हणून हे तिथे फुकटात जमतं. आपल्याकडे ‘डॉक्टर म्हणाले’ की ‘डॉक्टर म्हणाल्या’, काहीतरी एक निवडावंच लागतं. यावर आमच्या गणपतीच्या मंडळात दर वर्षी वाद होतो. एका काकांचं म्हणणं असं की ‘आले, म्हणाले’ हे आदरार्थी आहे, कोणालाही चालतं. मला हे अजिबात पटत नाही. दवाखान्यात बसलेला माणूस लेडी डॉक्टरबद्दल ‘आल्या का?’ असंच विचारतो, म्हणजे ‘आले’ म्हणणं ही सरळ फसवणूक झाली. कोडं घालणाऱ्याने लपवावं, खोटं बोलू नये, एवढा एकच तर नियम आहे या खेळात.

बरं, मराठीत रस्ता नाही असंही नाही. ‘म्हणणे’ आणि ‘येणे’ ही दोन्ही क्रियापदं टाळायची आणि ‘-नी’ लागतं ती घ्यायची, कारण तिथे क्रियापद करणाऱ्याच्या मागे जातच नाही. असं:

‘एबी रोडवर अपघात झाला, वडील जागीच गेले. मुलाला ऑपरेशनसाठी आत घेतलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी त्याला बघितलं, हातमोजे काढले आणि सांगितलं, मी हे ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.’

वाचून बघा, एक अक्षर खोटं नाही. ‘काढले’ मोज्यांचं आहे, डॉक्टरांचं नाही. आणि ‘करू शकत नाही’ बाई बोलली काय नि पुरुष बोलला काय, सारखंच. हिंदीत उलटी गंमत, ‘सर्जन ने कहा’पर्यंत गाडी मस्त चालते आणि ‘मैं नहीं कर सकता’वर अडकते, तिथे ‘मुझसे नहीं होगा’ करावं लागतं. राजवाड्याजवळ मित्रांत हिंदीत नि घरी मराठीत सांगायचं तर दोन वेगळी कोडी पाठ करावी लागतात.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना आणि मुलांना हेच विचारलं, तर आई म्हणणारे 15 टक्क्यांच्या आसपासच निघाले. काहींनी दोन बाप सांगितले, म्हणजे समलिंगी जोडपं. तेही चुकीचं नाही हो, कोड्यात कुठे म्हटलंय की बाप एकच! या कोड्याचा खरा कच्चा दुवा हाच आहे, सावत्र बाप, दत्तक, सगळंच बसतं, आणि मग सांगणारा ‘नाही नाही, तसं नाही’ करत बसतो.

परवा भाचीला, वय वर्षे नऊ, वरचंच कोडं घातलं. पोहे खाता खाता, मानही वर न करता, ‘आई असेल ना, त्यात काय.’ तिच्या दवाखान्यात लहानपणापासून डॉक्टरबाईच आहेत. मग मी उलटं करून घातलं: आई आणि मुलगा गाडीत, आई गेली, मुलाला वॉर्डात नेलं, नर्सनी पट्टी बांधली आणि सांगितलं, हा माझा मुलगा आहे. पोहे संपले, चहा झाला. ‘मामा, सावत्र आई का?’