हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (मांजर)

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजेच एचसीएम, हा मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणारा हृदयविकार आहे. यात डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड होते. हृदय शिथिल असतानाची तिची जाडी सोनोग्राफीत ६ मिमी किंवा त्याहून अधिक भरली, तर एचसीएमचा विचार करतात. ५ ते ६ मिमी ही संशयाची पट्टी. मात्र थायरॉइडचा अतिस्राव आणि उच्च रक्तदाब यांमुळेही भिंत जाड होते, म्हणून विशेषतः वयस्क मांजरात ही दोन कारणे आधी तपासून बाजूला काढावी लागतात.

मेन कून आणि रॅगडॉल या जातींत एमवायबीपीसी३ या जनुकातील दोष सापडले आहेत. तरी हा काही केवळ महागड्या मांजरांचा आजार नव्हे. घरोघरच्या साध्या, वंशावळ नसलेल्या मांजरांनाही तो होतो, आणि बोक्यांत अधिक दिसतो.

जाड झालेली जवनिका आकुंचन जोरात पावते. तिला नीट सैलावता येत नाही, ही खरी अडचण. आत येणाऱ्या रक्ताला जागा अपुरी पडते, मागची डावी कर्णिका, म्हणजे जवनिकेत रक्त सोडणारा वरचा कप्पा, ताणून मोठी होते आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधला दाब वाढतो. पुढे पाणी फुप्फुसात झिरपते किंवा छातीच्या पोकळीत साठते. एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही, म्हणून मांजर श्वासांची संख्या वाढवते.

हा बदल सहज नजरेतून सुटतो, कारण मांजर आपला दिवस त्याप्रमाणे बेतते. उड्या कमी होतात, झोप वाढते आणि घरच्यांना ते वयाचे वाटते. हृदय निकामी होऊ लागलेले कुत्रे अनेकदा खोकते, मांजर क्वचितच. खोकणाऱ्या मांजरात दम्याची शक्यता जास्त असते. स्टेथोस्कोपवरही भिस्त ठेवता येत नाही. एचसीएम असूनही काही मांजरांच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, ऐकू येत नाही, तर निरोगी मांजरांतही ती बऱ्याचदा ऐकू येते.

म्हणून घरी करण्याजोगी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे झोपेतले श्वास मोजणे. मांजर गाढ झोपलेले असावे. गुरगुरत असेल, नुकतेच खेळून आले असेल किंवा उकाड्याने हैराण असेल तर मोजू नये. स्वप्नात मिशा आणि पाय थरथरत असतील तरी थांबावे. हात न लावता कुशीकडे बघावे: कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. ३० सेकंद मोजून आलेली संख्या दुप्पट करावी. आकडा सहसा ३० च्या आत असतो, पण प्रत्येक मांजराचा नेहमीचा आकडा वेगळा, म्हणून ते बरे असतानाच आठवडाभराची नोंद करून ठेवावी.

समजा, ५ किलोच्या एका बोक्याचा नेहमीचा आकडा २० ते २२ आहे. एका रात्री २८ भरतो, दुसऱ्या रात्री ३४, तिसऱ्या सकाळी ३८. बोका जेवतो आहे, अंगणात जातो आहे, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. धडपडणाऱ्या मांजराला एक्स-रेसाठी दाबून धरणे जीवावर बेतू शकते, त्यामुळे चांगले डॉक्टर आधी ऑक्सिजन आणि लघवीवाटे साठलेले पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन देतात. किलोमागे १ ते २ मिग्रॅ, म्हणजे या बोक्याला ५ ते १० मिग्रॅ. श्वास स्थिरावला की सविस्तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. भिंत ७ मिमी आणि कर्णिका महाधमनीच्या दुप्पट रुंद निघाली, तर चित्र स्पष्ट होते. पुढे फ्युरोसेमाइडच्या गोळ्या सुरू होतात आणि मात्रा रोजच्या श्वासनोंदीवरून ठरते. आकडा पुन्हा चढला तर ती वाढवावी लागते. मांजर मलूल होऊन खाणे सोडू लागले, तर मात्रा जास्त होऊन शरीरातले पाणी घटले का, मूत्रपिंडावर ताण आला का, हे रक्ततपासणीने पाहतात.

या मोजणीला मर्यादा आहेत. ताप, वेदना, रक्तक्षय यांनीही श्वास वाढतो. उलट, हृदयाची भिंत जाड असूनही पाणी साठलेले नसेल तर आकडा अगदी नॉर्मल येतो. असा छुपा आजार कधी भूल दिल्यावर, तर कधी सलाईन जास्त गेल्यावर उघडा पडतो. म्हणून मर्मर ऐकू आलेल्या मांजराची नसबंदी करण्यापूर्वी इको किंवा निदान एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी करून घेणे शहाणपणाचे.

फुगलेल्या कर्णिकेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती महाधमनीच्या टोकाशी अडकली की मांजर अचानक ओरडू लागते आणि मागचे पाय ओढत चालते. पंजे गार पडतात, गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. ‘कुठून तरी पडले असेल’ म्हणून वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. कर्णिका बरीच मोठी असलेल्या मांजरांना हे टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात: ७५ मिग्रॅच्या गोळीचा पाव भाग, दिवसातून एकदा. गोळी इतकी कडू असते की तोंडाला फेस येतो. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरून दिली तर निभावते. गुठळीच्या वेदनेवर घरातले पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये, मांजराला ते विषासमान आहे. तोंड उघडे ठेवून धापा टाकणाऱ्या मांजराचे श्वास मोजत बसू नये. पिंजऱ्यात घालून थेट दवाखाना गाठावा.