सोन्याची दरवाढ आणि दागिन्यांची निर्यात

सोन्याचा दर वाढला की निर्यात महागते, असे सरसकट म्हटले जाते. पण लंडनच्या बाजारात दिवसातून दोनदा ठरणारा दर सगळ्या देशांतल्या कारखानदारांना जवळपास सारखाच लागू असतो. मग दरवाढीने एक देश मागे का पडतो आणि दुसरा पुढे का सरकतो, याचे उत्तर सोन्याच्या किमतीवर टक्केवारीने चढणाऱ्या खर्चांत आहे.

२०२४ च्या सुरुवातीला एका औंसाला (३१.१ ग्रॅम) सुमारे २००० डॉलर पडत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दराने ४००० डॉलर ओलांडले. चौदा कॅरेटच्या १० ग्रॅम साखळीत ५.८५ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्याची किंमत पहिल्या दराने ३७६ डॉलर, दुसऱ्या दराने ७५२ डॉलर होते.

आता दोन काल्पनिक देश घेऊ. ‘अ’ देशात काम हाताने होते. मजुरी १५ डॉलर, घडणीतली घट ५ टक्के आणि सोने अडकून राहण्याचे व्याज ३ टक्के. ‘ब’ देशात यंत्रावर काम होते. मजुरी आणि यंत्रखर्च मिळून ३५ डॉलर, पण घट २ टक्के आणि माल लवकर सुटत असल्याने व्याज १ टक्का. जुन्या दराने ‘अ’चा सोन्याच्या किमतीखेरीजचा खर्च ४५ डॉलर येतो आणि ‘ब’चा ४६. स्वस्त मजुरीच्या जोरावर ‘अ’ निसटता पुढे आहे. नव्या दराने मजुरी आहे तिथेच राहते, घट आणि व्याज मात्र दुप्पट होतात. ‘अ’चा खर्च ७५ डॉलरवर जातो, ‘ब’चा ५८ वर थांबतो. कारागिराचा पगार एका पैशानेही न वाढता ‘अ’ देश एका नगामागे १७ डॉलरने महाग झाला. आयात शुल्काचेही असेच आहे. ते सोन्यासकट पूर्ण किमतीवर लागत असेल, तर शुल्कसवलत असलेल्या प्रतिस्पर्ध्याचा फायदा दराबरोबर फुगत जातो.

घट म्हणजे सगळे सोने वाया जाते असे नाही. कानस आणि पॉलिशचा चुरा गोळा करून शुद्ध करता येतो, पण तोपर्यंत ते सोने कामाबाहेर असते आणि थोडे कायमचे हातचे जाते. दर दुप्पट झाल्यावर धूळ गोळा करण्याच्या यंत्रणेचा खर्चही दुप्पट वेगाने वसूल होतो. ही सुधारणा पुढे ढकलणारे कारखाने आधी मार खातात.

ऑर्डरचे स्वरूपही बदलते. परदेशी खरेदीदार दुकानातली विक्रीची किंमत सहसा हलवत नाही, तो नग हलका करून मागतो. वरच्याच साखळीत सोन्याचा खर्च ३७६ डॉलरवर ठेवायचा तर नुसते चौदाचे दहा कॅरेट करून भागत नाही, वजनही सुमारे ७ ग्रॅमवर आणावे लागते. कमी कॅरेटचा मिश्रधातू हलका असल्याने वजन ३० टक्के उतरले तरी आकारमान साधारण २० टक्केच कमी होते, म्हणून नग डोळ्याला तितका बारीक दिसत नाही. त्याहून हलका हवा असेल तर पोकळ साखळी. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या गाभ्याभोवती सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळून साखळी विणतात आणि मग आम्लात गाभा विरघळवतात. हे यंत्रकाम इटलीत आरेझ्झोसारख्या केंद्रांत मुरलेले आहे. नवख्या कारखान्यात पत्रा फार पातळ निघतो, कड्या चेपतात, डाक सुटतो किंवा गाभ्याचा अंश आत राहून पुढे डाग पडतात. चेपलेली पोकळ कडी दुरुस्त होत नाही, त्यामुळे परत आलेला माल थेट तोट्यात जातो.

यात भांडवलाची अडचण बहुधा सगळ्यांत आधी जाणवते. बँकेची सोने-कर्जाची मर्यादा पैशांत ठरलेली असते. दहा लाख डॉलरच्या मर्यादेत जुन्या दराने साडेपंधरा किलो सोने उचलता येते, नव्या दराने जेमतेम पावणेआठ किलो. कारागीर मोकळे असूनही छोटा निर्यातदार ऑर्डर नाकारतो, ती याचमुळे. खरेदीदाराशी दर ऑर्डरच्या दिवशी बांधला आणि सोने महिन्याने उचलले, तर मधली वाढ निर्यातदाराच्या अंगावर येते. म्हणून दर बांधला जाईल त्याच दिवशी तेवढे सोने घेणे किंवा वायद्यात बांधून ठेवणे हा रिवाज आहे.

अशा काळात निर्यातीचे डॉलरमधले आकडे फसवे ठरतात. दर दुप्पट होऊन शुद्ध सोन्याचे वजन ३० टक्क्यांनी घसरले तरी सोन्याची निर्यात-किंमत ४० टक्क्यांनी वाढलेली दिसते. कारखान्यांना खरेच किती काम मिळाले हे पाहायचे तर शुद्ध सोन्याचे किलो आणि सोने वगळून उरणारी मूल्यवृद्धी, हे दोन आकडे वेगळे काढावे लागतात.